फ्रीज घ्यायचाय: १० टक्के सूट घेऊ की १५ टक्के कॅशबॅक?

मीनल_सांगली

नमस्कार मंडळी,

आमचा फ्रीज सोळा वर्षांचा झाला. यंदा दोनदा गॅस भरला, तिसऱ्यांदा भरण्यात अर्थ नाही असं मेकॅनिकनंच सांगितलं. दसऱ्याला नवीन घ्यायचा ठरलंय, मॉडेलही ठरलंय. इथल्या दोन दुकानांत चौकशी केली. दोन्हीकडे किंमत तीच, ३६,००० रुपये. फरक फक्त ऑफरमध्ये आहे.

पहिल्या दुकानात बिलातच १० टक्के कमी करतात. ३२,४०० भरायचे आणि फ्रीज घरी.

दुसऱ्या दुकानात पूर्ण ३६,००० भरायचे आणि वर १५ टक्के कॅशबॅक, म्हणजे ५,४०० रुपये. पण ते रोख देत नाहीत, त्यांच्याच दुकानाची कूपनं देतात.

आमच्या ह्यांचं म्हणणं, १५ हे १० पेक्षा जास्त, त्यात विचार कसला करायचा. सासूबाई म्हणतात, जे आज सुटतंय ते आपलं. मला दोघांचंही पटतंय, म्हणून इथे विचारते. खरी बचत टक्क्यांत कशी काढायची? मला नुसतं उत्तर नको, हिशेबाची रीत हवी आहे, कारण दिवाळीत पुन्हा हाच प्रश्न येणार.

---

विश्वजित

मीनलताई, याचं सरळ सूत्र आहे. कूपन म्हणजे पैसे नव्हेत, तो पुढे मिळणारा माल आहे. म्हणून भरलेले पैसे आणि मिळालेला एकूण माल यांची तुलना करायची. तुम्ही ३६,००० भरता आणि माल मिळतो ३६,००० + ५,४०० = ४१,४०० चा. बचत ५,४०० भागिले ४१,४०० म्हणजे १३.०४ टक्के.

म्हणजे कूपनातला १५ टक्के कॅशबॅक हा खरा १३.०४ टक्के असतो. उलट बाजूनं, १० टक्के सुटीची बरोबरी करायला कूपनाचा कॅशबॅक ११.११ टक्के तरी हवा. तुम्हाला १५ मिळतोय, म्हणून दुसरं दुकान घ्या.

---

केदार_डोंबिवली

कुणी कार्डाचं बोललंच नाही! माझ्याकडे एका बँकेचं क्रेडिट कार्ड आहे, त्यावर घरगुती उपकरणांना ५ टक्के कॅशबॅक चालू आहे. पहिल्या दुकानात १० अधिक कार्डाचे ५ म्हणजे १५ झालेच की. मग दुसऱ्या दुकानाची बरोबरी झाली, तीही कूपनांच्या भानगडीशिवाय. मीनल, तुमच्या घरी कुणाकडे असं कार्ड आहे का बघा.

---

अप्पा_कराडकर

हप्त्यांवर घेऊ नका एवढंच सांगेन. बिनव्याजी म्हणतात, पण बँक व्याज लावतेच आणि दुकानदार तेवढी सूट आधी देऊन ते भरून काढतो. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र आपल्याच माथी येतो, प्रोसेसिंग फी वेगळी. मी मागच्या वर्षी धुण्याचं यंत्र घेतलं तेव्हा १९९ ची फी जीएसटी धरून २३४ रुपये ८२ पैसे पडली. रोख घ्या.

---

मीनल_सांगली

अप्पा, हप्त्यांचा विचारच नाही, पैसे साठवलेत. तरी माहिती उपयोगी पडली.

केदार, ह्यांच्याकडे कार्ड आहे, त्यावर अशीच ऑफर आलीय. ५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये.

---

उत्तरा

मीनल, मी उपकरणांच्या दुकानात अकरा वर्षं बिलिंग सांभाळलंय. अशा योजना काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिल्यात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी केदारचा मुद्दा निकाली काढू. दोन टक्केवाऱ्या एकावर एक आल्या की त्यांची बेरीज करायची नसते, कारण दुसरी टक्केवारी पहिली वजा झाल्यावर उरलेल्या रकमेवर लागते. ३२,४०० चे ५ टक्के १,६२० होतात, १,८०० नाही. आणि इथे तर १,५०० ची मर्यादा आहे, म्हणून मिळणार १,५००. निव्वळ खर्च ३०,९००, वाचले ५,१००. ते ३६,००० च्या १४.१७ टक्के झाले, १५ नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तेच कार्ड दुसऱ्या दुकानातही चालणार ना? तिथे ३६,००० चे ५ टक्के १,८०० होतात आणि मर्यादेमुळे मिळतात तेच १,५००. दोन्हीकडे सारखंच मिळत असेल तर कोणतं दुकान निवडायचं या प्रश्नात कार्डाला जागाच नाही. कार्ड जरूर वापरा, तुलनेतून मात्र ते काढून टाका. फक्त दोन्ही दुकानांच्या यंत्रावर ती ऑफर लागते का हे आधी विचारा. पुष्कळदा ती ठरावीक दुकानांनाच असते किंवा फक्त हप्त्यांच्या व्यवहाराला लागते.

आता कूपनांकडे येते. विश्वजितनी काढलेला १३.०४ चा आकडा मला इतक्यात मान्य नाही, पण त्याआधी एक सांगा. कूपनाच्या मागच्या बाजूला काय छापलंय? एका कूपनाची रक्कम किती, किती रुपयांच्या बिलावर एक लागतं, कधीपासून कधीपर्यंत चालतं? हे कळल्याशिवाय १५ या आकड्याचा काहीच बोध होत नाही.

---

मीनल_सांगली

दुकानात जाऊन नमुन्याच्या कूपनाचा फोटो काढून आणला. त्यावर असं आहे:

प्रत्येकी ६०० रुपयांची ९ कूपनं. पुढच्या खरेदीत दर २,४०० रुपयांच्या बिलाला एक कूपन. खरेदीनंतर १५ दिवसांनी चालू होतात आणि ६० व्या दिवशी संपतात. रोख रक्कम मिळणार नाही. खाली अगदी बारीक अक्षरात "निवडक वस्तूंवर लागू नाही" असं आहे, पण कोणत्या ते लिहिलेलं नाही.

---

विश्वजित

अरे बापरे. मग माझं सूत्र बदलतं. ९ कूपनं वापरायला ९ × २,४०० = २१,६०० ची आणखी खरेदी करावी लागेल. एकूण माल ३६,००० + २१,६०० = ५७,६००. त्यावर बचत ५,४००. टक्केवारी ९.४ च्या आतबाहेर येते, नेमकी ९.३७५.

पहिल्या दुकानात सरळ १० टक्के. ९.४ पेक्षा १० जास्त. आधीचं मत मागे घेतो, पहिलं दुकान घ्या.

---

उत्तरा

विश्वजित, गुणाकार भागाकार सगळे बरोबर आहेत, पण तुलना चुकते आहे. ही चूक फार सहज होते, आमच्या दुकानात शिकलेले लोकही करायचे. म्हणून जरा थांबून बघू.

तुमचे ९.४ टक्के ५७,६०० च्या मालावर आहेत. पहिल्या दुकानाचे १० टक्के फक्त ३६,००० च्या फ्रीजवर आहेत. पाया वेगळा असला की टक्के एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. मीनलला खरंच आणखी २१,६०० च्या वस्तू घ्यायच्या असतील, तर पहिल्या दुकानातून फ्रीज घेतल्यावरही त्या वस्तू तिला घ्याव्याच लागतील. त्या पूर्ण किमतीला घेतल्या तर पहिल्या मार्गानं एकूण बचत राहते ३,६००, आणि ५७,६०० वर ती होते ६.२५ टक्के. दुसऱ्या मार्गानं ९.४ टक्के. म्हणजे तुमच्याच आकड्यांवरून उलटं उत्तर येतं.

आणि तिला आणखी काहीच घ्यायचं नसेल तर? कूपनं कपाटात पडून राहणार. ३६,००० च्या मालावर पहिलीकडे १० टक्के, दुसरीकडे शून्य.

तुमच्या पहिल्या सूत्राचंही तेच. ५,४०० भागिले ४१,४०० हे तिथे बरोबर लागतं जिथे पुढच्या वेळीही तीच १० टक्के सूट मिळणार असते. समजा महिन्याचा किराणा भरायचा आहे. एक दुकान दर महिन्याला १० टक्के कमी करतं आणि दुसरं दर महिन्याला १५ टक्के कूपन देऊन पुढच्या बिलात सगळं वळतं करतं. तिथे १३.०४ विरुद्ध १० ही तुलना चोख आहे. फ्रीज सोळा वर्षांतून एकदा घेतात. पुढची खरेदी मी तशीही पूर्ण किमतीला करणार असेन, तर अटी नसलेलं ५,४०० चं कूपन मला पूर्ण ५,४०० चंच पडतं.

म्हणून मी नेहमी असं करायचे. गिऱ्हाईक पुढच्या दोन महिन्यांत खरंच जे घेणार आहे त्याची यादी करायची. तीच यादी दोन्ही मार्गांनी विकत घ्यायची, कागदावर. दोन्हीकडे खिशातून किती गेले ते लिहायचं, आणि टक्के अगदी शेवटी काढायचे, दोन्हीकडे त्याच एका रकमेवर.

---

रानजाई

एक माझा अनुभव सांगते, कारण याचा विचार आम्ही केला नव्हता. दोन वर्षांपूर्वी आम्ही टीव्ही घेतला, त्यावर अशीच कूपनं मिळाली. त्यातली २,००० ची कूपनं वापरून आईसाठी गिझर घेतला. नंतर टीव्हीच्या पडद्यावर रेघा येऊ लागल्या, बदलून द्यायला तो मॉडेल शिल्लक नव्हता, म्हणून पैसे परत मिळाले. पण परत देताना त्यांनी वापरलेल्या कूपनांचे २,००० कापले. उरलेली कूपनं रद्द केली. हिशेबानं ते चूक नसेल, पण गिझर आम्ही कूपन होतं म्हणून मोठा घेतला होता. तो पूर्ण किमतीला पडला आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं.

---

उत्तरा

रानजाई, ही अट बहुतेक ठिकाणी असते आणि सांगत कुणी नाही. बिलातली सूट परतीच्या वेळी आपोआप जुळते, जेवढे भरले तेवढे परत. कूपनात दोन व्यवहार एकमेकांत अडकतात.

आणि "कूपन होतं म्हणून मोठा घेतला" हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. कूपनामुळे जी जास्तीची खरेदी झाली ती यादीत धरायचीच नाही. धरली की बचतीचे टक्के फुगतात आणि पैसे मात्र खिशातून जातात.

मीनल, आता तुमची यादी द्या. फक्त खरोखर घ्यायच्या वस्तू.

---

मीनल_सांगली

घरी बसून यादी केली. दिवाळीपर्यंत नक्की घ्यायच्या तीनच गोष्टी आहेत. पाणी शुद्ध करायचं यंत्र ११,५००, मिक्सर ४,२००, इस्त्री १,३००. एकूण १७,०००. या किमती दुसऱ्या दुकानातल्या आहेत.

---

उत्तरा

छान. आता ९ कूपनं विसरा. पहिल्या दुकानात ३,६०० आजच सुटतात. ६०० च्या कूपनात मोजलं तर ती सहा कूपनं झाली. म्हणजे तुमची सहा कूपनं वापरली गेली तर बरोबरी, सात गेली तर दुसरं दुकान पुढे, पाच गेली तर पहिलं. सगळा प्रश्न एवढाच उरतो.

तिन्ही वस्तू वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या बिलांवर घेतल्या तर: यंत्राच्या ११,५०० मध्ये २,४०० चारदा बसतात, चार कूपनं. मिक्सरला एक. इस्त्रीला एकही नाही. एकूण पाच, म्हणजे ३,०००. पहिलं दुकान ६०० नं पुढे.

तिन्ही एकाच बिलावर घेतल्या तर: १७,००० मध्ये २,४०० सातदा बसतात, १६,८०० पर्यंत. सात कूपनं, म्हणजे ४,२००. दुसरं दुकान ६०० नं पुढे. टक्क्यांत सांगायचं तर एकूण ५३,००० च्या मालावर दुसरीकडे ७.९ टक्के आणि पहिलीकडे ६.८ टक्के.

वस्तू त्याच, दुकान तेच, कूपनं तीच. बिल एक केलं की तीन, एवढ्यावर १,२०० रुपये इकडचे तिकडे झाले. २,४०० चा टप्पा कशासाठी ठेवलेला असतो ते यातून दिसतं. सुटी वस्तू घेणाऱ्याच्या बिलात टप्प्यावरची रक्कम कोरडी जाते. मिक्सरच्या ४,२०० पैकी १,८०० वर काहीच मिळालं नाही.

अजून एक. मिक्सर दुसरीकडे स्वस्त मिळतो का हे बघितलंत का? कूपन लागणाऱ्या दुकानातली किंमत बाहेरपेक्षा जास्त असेल, तर तो फरक कूपनातून वजा करायला हवा.

---

मीनल_सांगली

बघितलं. तोच मिक्सर ऑनलाइन ३,७०० ला आहे. पाण्याचं यंत्र आणि इस्त्री सगळीकडे त्याच किमतीत.

---

विश्वजित

मग ५०० कमी करा. पहिल्या मार्गानं ३२,४०० + ११,५०० + ३,७०० + १,३०० = ४८,९००. दुसऱ्या मार्गानं ३६,००० + १७,००० − ४,२०० = ४८,८००. फरक १०० रुपये.

उत्तराताई, तुमचा मुद्दा आता नीट समजला. मी सूत्र लावत होतो, यादी लावत नव्हतो. पण एक शंका राहतेच. दुसऱ्या मार्गात ३,६०० रुपये जास्तीचे आज भरायचे आणि परत मिळवायला महिना दोन महिने थांबायचं. त्याची किंमत धरायला नको का?

---

सुहास_ठाणे

मी बँकेतून निवृत्त झालोय, म्हणून व्याजाचं सांगतो. ३,६०० रुपये दोन महिने मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी ठेवले तर ४२ रुपये होतात. मोठ्या रकमेत हे धरावं लागतं. इथे ते लहान आहे, पण फरकच १०० चा असेल तर त्यातलं निम्म्याला जवळ गेलं.

माझ्या मते तरी मीनल यांनी पहिलं दुकान घ्यावं. कूपन हरवतं, तारीख चुकते, घरात आजारपण येतं आणि जायचं राहून जातं. ज्या पैशांवर तारीख छापलेली आहे त्यांना मी पूर्ण किंमत देत नाही. आमच्याकडे मी अशा कूपनाला ८० टक्केच धरतो.

---

विश्वजित

सुहासकाका, ८० कुठून आले? कुणी शिस्तीचा माणूस १०० टक्के वापरेल, कुणी शून्य. सगळ्यांना एकच आकडा लावणं मला पटत नाही.

---

सुहास_ठाणे

आकडा माझा स्वतःचा आहे, माझ्याच वहीवरून काढलेला. गेल्या काही वर्षांत घरी मिळालेल्या कूपनांपैकी किती रकमेची वेळेत वापरली गेली ते मी लिहून ठेवलंय. तुमच्या घरचा वेगळा येईल. पण प्रत्येकानं आपला काढावा, १०० धरून चालू नये.

---

उत्तरा

काकांची वहीची पद्धत मला आवडली. काउंटरवर असताना मी रोज बघायचे, शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी कूपन घेऊन येणारी माणसं. बिलिंगचं यंत्र कूपन घेतच नसे, आणि मला काही करता येत नसे. तो चेहरा विसरता येत नाही.

मीनल, त्या बारीक अक्षरातल्या ओळीचं काय झालं? निवडक वस्तू कोणत्या? १०० रुपयांच्या फरकावर निर्णय असताना ती ओळच सगळं ठरवेल.

---

मीनल_सांगली

आज पुन्हा जाऊन आले. काउंटरवरच्या मुलानं आधी "सगळ्यांवर चालतं ताई" म्हणून सांगितलं. मी फोटो दाखवला तेव्हा आत जाऊन विचारून आला. मोबाईल, लॅपटॉप आणि पाणी शुद्ध करायची यंत्रं यांवर कूपन चालत नाही.

म्हणजे माझ्या यादीतली सगळ्यात मोठी वस्तूच गेली. मिक्सर आणि इस्त्री मिळून ५,५००, त्यावर दोनच कूपनं.

---

उत्तरा

दोन कूपनं म्हणजे १,२००. पाण्याचं यंत्र दोन्ही बाजूंना सारखंच, म्हणून कार्डासारखं तेही तुलनेतून काढा. फ्रीज, मिक्सर, इस्त्री मिळून ४१,५०० चा माल. दुसऱ्या दुकानात बचत २.९ टक्के, पहिल्या दुकानात ८.७ टक्के. आणि मिक्सर ऑनलाइन घेतला तर पहिला मार्ग आणखी ५०० नं पुढे.

पोस्टरवर १५ लिहिलेलं होतं. तुमच्या यादीला ते २.९ पडलं. कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. शेजारचीला घर लावायचं असेल, पंखे, गिझर, धुण्याचं यंत्र सगळं घ्यायचं असेल, तर तिला तीच योजना पहिल्या दुकानापेक्षा चांगली पडेल.

---

केदार_डोंबिवली

माझ्या मेव्हण्याला नेमकी तशीच चांगली पडली होती, नवीन फ्लॅट लावताना. सगळी कूपनं एका दिवसात संपवली.

---

मीनल_सांगली

निर्णय झालाच होता, पण आज नणंदेचा फोन आला. तिला टीव्ही घ्यायचाय, २४,००० चा, आणि तो दुसऱ्या दुकानात आहे. ती म्हणते, तू तिथून फ्रीज घे, कूपनं मी वापरते, सुटतील ते पैसे तुला देते. २४,००० मध्ये नऊच्या नऊ बसतात. मग ५,४०० पूर्ण मिळतील ना?

---

विश्वजित

आता मी यादी लावतो! यादी: फ्रीज आणि टीव्ही, ६०,०००. मिक्सर, इस्त्री आणि पाण्याचं यंत्र सोडून द्या, कारण कूपनं टीव्हीतच संपतील.

दुसरं दुकान: ६०,००० − ५,४०० = ५४,६००. बचत ९ टक्के.

पहिलं दुकान: तिथे टीव्हीवरही १० टक्के असेल तर ३२,४०० + २१,६०० = ५४,०००. बचत १० टक्के, ६०० नं पुढे. तिथे टीव्हीवर काय सूट आहे ते विचारा. (मिक्सर मात्र कुठूनही ३,७०० ला घ्या.)

---

मीनल_सांगली

विचारलं. टीव्हीची किंमत तीच, पण त्यावर ६ टक्केच सूट आहे, १० फक्त फ्रीजवर. म्हणजे टीव्ही २२,५६० ला. दोन्ही मिळून ५४,९६०.

बचत ५,०४०. टक्के काढले, ८.४. मी बरोबर केलं ना? म्हणजे आता दुसरं दुकान ३६० रुपयांनी पुढे.

---

उत्तरा

अगदी बरोबर केलंत.

आता त्या ३६० च्या समोर काय आहे तेही लिहा. नणंदेनं टीव्ही घेतलाच नाही, लांबणीवर टाकला किंवा दुसरीकडे घेतला, तर तुमच्याकडे उरतात फक्त दोन कूपनांचे १,२००, पहिल्या दुकानातल्या ३,६०० च्या जागी. म्हणजे २,४०० गेले. शिवाय कूपनं बहुधा तुमच्या मोबाईल नंबरावर असतील. बिल करताना तुमच्या फोनवर ओटीपी येतो का, आणि दुसऱ्याच्या नावाचं बिल चालतं का, हे विचारा. आमच्या दुकानात नाव आणि नंबर जुळावा लागायचा. टीव्ही परत करायची वेळ आली तर रानजाईचं प्रकरण दोन घरांत होईल.

कूपनं पंधरा दिवसांनी चालू होतात. नणंद तोवर थांबणार आहे का?

---

सुहास_ठाणे

३६० मिळवायला २,४०० पणाला. मी घेणार नाही.

---

विश्वजित

काका, नणंद खरंच घेणार असेल तर ते पणाला लागतच नाहीत. दहा वेळा असं केलं आणि एकदाच ती फिरली, तर नऊ वेळचे ३६० म्हणजे ३,२४० मिळाले आणि एकदाचे २,४०० गेले. तरी फायदाच. दहात दोनदा फिरली तर मात्र २,८८० मिळून ४,८०० जातील. म्हणून प्रश्न नणंदेचा आहे, कूपनाचा नाही.

---

मीनल_सांगली

नणंदेचं मन लवकर बदलत नाही, पण तिचे यजमान दसऱ्याच्या मुहूर्तालाच टीव्ही हवा म्हणतात. कूपन चालू व्हायला पंधरा दिवस. तेव्हा दिवाळी चार-पाच दिवसांवर असेल. तिनं उद्या सकाळपर्यंत सांगते म्हटलंय. ओटीपीचं मी दुकानात विचारून येते.

सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी ३,६०० आणि ३६० हे दोनच आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवलेत.